साडेचारचा स्टँडअप

"ताई, तुम्ही आता त्यांच्याच बाजूच्या."

आमच्या टीममधली पावस गावची ती जाता जाता बोलून गेली. आवाज चढवून नाही, भांडूनही नाही. एसटी चुकेल म्हणून घाईत होती, पर्स खांद्याला लावता लावता बोलली आणि जिना उतरली. मी मात्र घरी येऊन भात लावला, आईला गोळ्या दिल्या, तरी तेच ऐकू येतंय. त्यांच्या बाजूची! मी स्वतः दिवसपाळीत. साडेनऊ ते साडेसहा मीही त्याच खुर्चीत असते. मला काय मिळणार आहे लेट शिफ्टवाल्यांची बाजू घेऊन?

 

स्टँडअप, म्हणजे टीमची रोजची पंधरा मिनिटांची बैठक, त्याची वेळ बदलायचं काम माझ्या गळ्यात पडलं, मी मागून घेतलं नव्हतं. आजवर तो सकाळी साडेदहाला व्हायचा. तेव्हा सगळे दिवसपाळीतच होते, त्यामुळे ती वेळ चांगलीच होती. मग क्लायंट न्यूयॉर्कचा आला, चौघे लेट शिफ्टला गेले आणि साडेदहा मात्र तशीच राहिली. त्यांची शिफ्ट दुपारी तीन ते रात्री बारा. बारा वाजले म्हणून लगेच डोळा लागत नाही, झोपायला दीड-दोन होतातच. साडेदहाला ते घरून फोनवर जोडले जातात. त्यांच्यातला मालगुंडचा या दिवसांत सकाळी भातकापणीला असतो, त्याच्या मागे माणसांचा आवाज असतो. आणि दुसऱ्याची आई परवा माइक चालू असताना म्हणाली, "झोपूदे की जरा त्याला, आता कुठे डोळा लागलाय." सगळ्यांनी ऐकलं. कुणी काही बोललं नाही. तो "सॉरी, सॉरी" म्हणाला आणि माइक बंद केला. सॉरी त्याने कशाला म्हणायचं?

पण मी वेळ बदलली ती निव्वळ दया येऊन नाही, हे पावसचीला कसं सांगू?

त्या बिलांच्या फाइलचंच बघा. रात्री मालगुंडच्याच्या लक्षात आलं की बिलाच्या ओळींची बेरीज आणि खालची एकूण रक्कम यांत पैशांचा फरक पडतोय. कर प्रत्येक ओळीवर काढून मग पूर्णांक करायचा की सगळ्या ओळी मिळवून शेवटी एकदाच, हा प्रश्न होता. उत्तर पावसचीकडे, कारण तो भाग तिने लिहिलेला. साडेदहाला त्याने विचारलं. ती म्हणाली, कुठल्या बिलाला होतंय ते दाखव. त्याच्यासमोर लॅपटॉपच नाही, तो खळ्यात उभा. "दुपारी बघून सांगतो." तीनला बसला तर क्लायंटच्या रात्रभरच्या मेल. त्या निस्तरून फाइल उघडेपर्यंत हिची निघायची वेळ झालेली. दुसऱ्या दिवशी साडेदहाला पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा खळं. कामांच्या बोर्डवर त्या कार्डापुढे रोज 'चालू आहे'. शेवटी एका दुपारी दोघं एकाच वेळी आपापल्या स्क्रीनसमोर सापडली, मी त्यांना फोनवर एकत्र घेतलं, तेव्हा पंधरा-वीस मिनिटांत मिटलं. कर शेवटी एकदाच काढायचा होता.

त्या दिवसापासून माझ्या मनात पक्कं बसलं. स्टँडअपमध्ये अडचण सांगितली जाते, सुटते ती त्यानंतर. म्हणून स्टँडअप झाल्यावर दोन्ही पाळ्यांची माणसं आपापल्या मशीनवर किती वेळ एकत्र आहेत, हे बघून वेळ ठरवायची. साडेदहानंतर असा वेळ शून्य असतो. तो तीनला सुरू होतो, तोवर सकाळचं बोलणं शिळं झालेलं असतं.

मतदान घ्या म्हणाले. कशाचं मतदान? पाच दिवसाचे, चार लेटचे. निकाल मोजायच्या आधीच ठाऊक. त्यात ते चौघे वयाने लहान, विचारलं तर "कुठलीही चालेल ताई" म्हणणार. कुणी म्हणालं दोन स्टँडअप घ्या, म्हणजे निरोप्या मी. मधल्या माणसाच्या तोंडून गेलेला प्रश्न निम्मा पोचतो, आणि उलटप्रश्न आला की निरोप्याकडे उत्तर नसतं. नुसतं लिहून टाकायचंही करून पाहिलं. सगळे लिहायचे, वाचायचं कुणीच नाही.

मग कागदावर मांडलं. दिवसपाळी साडेसहापर्यंत, लेट शिफ्ट तीनपासून. सामाईक तास साडेतीन. तीनला ठेवला तर लेटवाले नुकते बसलेले, रात्रीत क्लायंटने काय पाठवलंय तेच पाहिलेलं नाही, बोलणार काय? सहाला ठेवला तर त्यांच्याकडे बोलायला भरपूर, पण सांगितलेली अडचण सोडवायला दिवसवाले अर्धा तास उरतात आणि त्यांचं अर्धं लक्ष एसटीकडे.

माझा पहिला विचार चारचा होता. मग नोव्हेंबर आठवला. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेत घड्याळं तासभर मागे जातात, मार्चच्या दुसऱ्या रविवारी परत पुढे. आपलं घड्याळ हलत नाही. न्यूयॉर्कचे सकाळचे ९ म्हणजे आज आपले संध्याकाळचे ६:३०, नोव्हेंबरपासून ७:३०. म्हणून लेट शिफ्ट हिवाळ्यात चार ते एक होते. चारचा स्टँडअप म्हणजे पुन्हा खुर्चीत टेकल्या टेकल्या. साडेचारला ठेवला तर आता त्यांना दीड तास मिळतो, हिवाळ्यात अर्धा. अर्ध्या तासात मेल चाळून होतात. आणि दोन्ही ऋतूंत पुढे साडेसहापर्यंत दोन तास सगळे जागेवर. वर्षभर एकच वेळ, ही मला मोठी गोष्ट वाटली. रोज त्याच वेळी, त्याच ठिकाणी आणि पंधरा मिनिटांतच, असं स्क्रम या कामाच्या पद्धतीच्या २०२० च्या मार्गदर्शिकेतही आहे. गुंतागुंत वाढू नये म्हणून.

कॅलेंडरवर निमंत्रण मीच टाकलं, आणि टाकताना वेळेचा पट्टा `Asia/Kolkata` निवडला. क्लायंटच्या बाईंनी `America/New_York` धरून टाकलेली बैठक गेल्या नोव्हेंबरात आपोआप तासभर सरकली होती. त्या दिवशी निम्मे लोक एका वेळी, निम्मे दुसऱ्या. त्या बाईंनाही यात यायचं होतं. साडेचार म्हणजे त्यांचे सकाळचे सात, हिवाळ्यात सहा. त्यांच्यासाठी संध्याकाळची वेगळी बैठक आहेच. हा आमच्यातला, कामं एकमेकांच्या हाती देण्याचा स्टँडअप आहे.

रोजची विचारणाही बदलावी लागणार. 'काल काय केलं, आज काय करणार' हे साडेचारला जमत नाही. दिवसवाल्यांचं 'आज' संपत आलेलं आणि लेटवाल्यांचं नुकतं उगवलेलं. म्हणून 'मागच्या साडेचारपासून' आणि 'पुढच्या साडेचारपर्यंत' असं विचारायचं. सुरुवात दिवसवाल्यांनी करायची, म्हणजे लेटवाल्यांना कळेल हातात काय येतंय.

एवढं सगळं केलं. नीट, वह्या भरून केलं. आणि पदरात काय पडलं, तर 'त्यांच्याच बाजूच्या'. एकाने तरी म्हणावं ना, ताई, बरं झालं. ज्या चौघांसाठी म्हणून माझ्यावर हा शिक्का बसला, त्यांनी तरी? त्यांचे नुसते अंगठे आले. मालगुंडच्याचा तर अंगठाही नाही. माझी संध्याकाळ कोण विचारतंय, घरी मी किती वाजता पोचते, आईला एकटीला किती वेळ... जाऊ दे.

(लाईट गेली होती, आता आली.)

अंधारात बसले तेव्हा पावसचीचा दिवस एकदा तिच्या खुर्चीतून बघितला. सकाळी आली की रात्री लेटवाल्यांनी टाकलेले प्रश्न. मग दुसऱ्यांचं तपासणं, मग हिशेबवाल्यांचे फोन. जेवण होऊन अडीचला तिला खरा सलग वेळ मिळतो, तो सहापर्यंत. त्या वेळात ती कान झाकून बसते, चहालाही उठत नाही. मी साडेचार ठरवली ती बरोबर त्या वेळाच्या मधोमध. कागदावर सामाईक तास मोजले तेव्हा ते कुणाच्या तरी कामातूनच कापलेले असणार, हे उघड आहे. लेटवाल्यांची झोप वाचली, तिची दुपार गेली. ती ओरडली नाही, एक वाक्य बोलली. तेवढं बोलायचा तिला हक्क आहे, आणि ते ऐकून घेणं माझ्या कामातच येतं.

वेळ मी मागे घेणार नाही. साडेचारच बरोबर आहे असं मला अजूनही वाटतं. पण तिची दुपार भरून द्यायला हवी. सकाळी साडेदहाची पंधरा मिनिटं आता मोकळी झालीत, त्याच्या पुढे-मागे बारापर्यंत कुणीही तिला हाक मारायची नाही, फोन मी घेईन. रात्रीचे प्रश्न तिने सकाळी उघडायचेच नाहीत, ते साडेचारला येतील. आणि साडेचारला तिला पहिलं बोलू द्यायचं. तिच्याकडे कुणाचं काही अडलेलं नसेल तर पंधरा मिनिटांनी तिने निघायचं, मागे राहायचं ते ज्यांचं अडलंय त्या दोघा-तिघांनी.

एक अडचण मात्र उरतेच. परतीच्या पावसाचे हे दिवस, चारनंतर आभाळ भरून येतं, गडगडाट झाला की गावाकडची लाईट जाते. चौघेही घरून काम करतात, कारण मध्यरात्री रत्नागिरीतून मालगुंडला जाणार कसे? लाईट गेली की बोलणं फोनवर होईल, पण फाइल दाखवता येणार नाही. म्हणून आभाळ काळं दिसलं की सव्वाचारच्या आत अडलेल्या कामाच्या दोन ओळी आणि बिलाचा नंबर टाकून ठेवायचा, हे त्यांना सांगितलंय. ऐकतील असं वाटतं.

महिनाभर बोर्ड बघायचा. एकच कार्ड 'चालू आहे' म्हणून सलग दुसऱ्या दिवशी तसंच राहिलं, की साडेचारनंतर त्या दोघांचं बोलणं झालं नाही असं समजायचं आणि का झालं नाही ते विचारायचं. तशी कार्डं कमी झाली नाहीत तर पावसचीचं म्हणणं पुन्हा काढू. उद्या ती आली की सकाळच्या मोकळ्या वेळाचं तिला आधी सांगते, बाकीच्यांना नंतर.