११८ ला ४४ चा रेट आला कुठून?

आमच्याकडची कोटेशनची एक्सेल फाइल खूप जुनी आहे, कोणी बनवली तेही आता कोणाला सांगता येत नाही. आयटम कोड टाकला की रेट आपोआप येतो, एवढंच सगळ्यांना माहीत. परवा सेल्सच्या मॅडम आल्या, म्हणाल्या "अरे, ११८ चा रेट ४४ कसा काय दाखवतोय? आपला सगळ्यात महाग आयटम आहे तो!" मी रेट शीट उघडलं तर ११८ समोर १२५ च लिहिलेलं. त्या ओळीला कोणी हातसुद्धा लावलेला नव्हता आणि आधीच्या कोटेशन्समध्ये १२५ बरोबर येत होते.

आधी वाटलं कोणीतरी सेलमध्ये हाताने ४४ टाईप केलं असणार, पण नाही, फॉर्म्युला होता:

```
=VLOOKUP(A2,Rates!$A$2:$B$10,2)
```

शेवटी काहीतरी कमी आहे ना? चौथी गोष्ट दिलेलीच नाही, आणि ती नाही दिली की एक्सेल TRUE धरतं, म्हणजे तंतोतंत तोच कोड नाही मिळाला तरी चालेल, त्याच्यापेक्षा लहान असलेला सगळ्यात जवळचा दे. आणि हे करताना यादी चढत्या क्रमाने लावलेली आहे असं ते गृहीतच धरतं, तपासत वगैरे नाही.

आता आमची यादी बघा, वरून खाली: १०१, १०४, १०७, ११२, ११५, ११८ आणि मग १०५, ११०, १०२. शेवटचे तीन नवीन आयटम, ज्याने टाकले त्याने सगळे टाकतात तसे तळाला टाकले. तोपर्यंत यादी योगायोगाने क्रमात होती म्हणून फाइल इतकी वर्षं चालली.

TRUE मध्ये एक्सेल एकेक ओळ वाचत नाही, बायनरी सर्च करतं, म्हणजे डिक्शनरी मधोमध उघडून शब्द पुढे की मागे ते ठरवतो तसं. ११८ शोधताना ते मधल्या, पाचव्या ओळीवर गेलं, तिथे ११५. ११८ मोठा, म्हणून खालचा अर्धा भाग घेतला. त्याच्या मध्ये नवीन कोडांपैकी एक, तोही ११८ पेक्षा लहान, म्हणून अजून खाली, असं करत शेवटच्या १०२ वर येऊन थांबलं आणि त्याचा रेट देऊन टाकला, ४४. खरा ११८ सहाव्या ओळीत बसलेला, त्याच्याकडे बघितलंच नाही!

खरं तर ११८ परवडला, डोळ्यात भरण्याइतका चुकीचा होता. १०५ ला १०४ चा रेट येत होता, ५८ च्या जागी ५५, हे कोणाच्या बापाला कळणार? ११० ला १०७ चा, १०२ ला १०१ चा. बाकीचे पाच कोड एकदम बरोबर, त्यामुळे कोणी दोनचार ओळी तपासल्या तरी "ठीक आहे" म्हणून सोडून देणार.

पाठवलेली कोटेशन्स तपासायला मी बाजूच्या कॉलममध्ये हे टाकलं, म्हणजे रेटऐवजी सापडलेला कोडच परत मागवायचा आणि जुळतो का बघायचं:

```
=VLOOKUP(A2,Rates!$A$2:$B$10,1)=A2
```

जिथे FALSE आलं ती ओळ चुकीची. मॅडमनी तेवढ्या ओळींचे सुधारलेले रेट पाठवायला घेतले.

एक सहकारी म्हणाला, यादी सॉर्ट करून टाक, काम झालं. मला नाही पटलं. पुढचा नवीन आयटम परत तळाला जाणार, आणि दुसरं म्हणजे सॉर्ट केलं तरी नसलेल्या कोडला रेट मिळतच राहतो. म्हणून फॉर्म्युल्याच्या शेवटी ,FALSE लावलं, म्हणजे तंतोतंत तोच कोड मिळाला तरच रेट दे. लावल्या लावल्या एका कोटेशनमध्ये #N/A दिसायला लागलं आणि लगेच "तू फाइल बिघडवलीस" सुरू झालं. बघितलं तर तो कोड १०९, बंद झालेला आयटम, यादीत नाहीच, आणि इतके दिवस त्याला १०७ चा ६८ लागत होता! IFERROR लावून तिथे शून्य दाखव असंही सुचवलं गेलं, मी साफ नाही म्हटलं. शून्य रेटचं कोटेशन बाहेर गेलं तर? #N/A दिसलं तर निदान माणूस थांबतो तरी.

फक्त फाइंड-रिप्लेस करून सगळीकडे FALSE नाही लावलं, कारण त्याच फाइलमध्ये क्वांटिटी डिस्काउंटचं टेबल आहे, १, ५०, १०० असे टप्पे. ७५ नग घेतले तर ५० चा टप्पा लागला पाहिजे, तिथे FALSE टाकलं तर ७५ सापडणारच नाही. त्या फॉर्म्युल्यात मी TRUE स्पष्ट लिहून ठेवलं, आणि टेबलच्या वर एक लाल ओळ टाकली की टप्पे चढत्या क्रमानेच ठेवा.