आधी फोटोत, मग केसांत

‘ताई, मोबाइलवर फोटोत केसांना रंग लावून बघितला, मस्त दिसला. पार्लरमध्ये तसाच येईल ना?’

काळ्या केसांवर थेट लावला तर नाही येणार. पण फोटोत रंग बघणं मला फार आवडतं, फक्त तो बघायची रीत बदलायला हवी. फोंड्याला माझ्या पार्लरमध्ये येणाऱ्या एका कॉलेजच्या मुलीने ती बदलली, तिचीच गोष्ट सांगते.

तिला मोरपंखी रंग हवा होता, चवथीच्या आधी. फिल्टर लावलेला फोटो घेऊन आली. फोटोत केस चमकत होते, कारण असे फिल्टर आधी केस उजळ करतात आणि मग त्यावर रंग चढवतात. मोरपंखीसारख्या रंगाला ते जमत नाही. असले भडक रंग पारदर्शक असतात. ते खालचा केस झाकत नाहीत, उजळ करत नाहीत, फक्त आपली छटा त्यात मिसळतात. काळ्या केसांवर मोरपंखी लावला तर उन्हात जरा निळसर झाक दिसते, घरात तीही नाही.

मी तिला लेयर असलेलं, म्हणजे फोटोवर रंगाचा वेगळा थर टाकता येतो असं, फोटो एडिटिंगचं ॲप उघडायला लावलं. खिडकीशी उभं करून फ्लॅश आणि ब्यूटी मोड बंद ठेवून नवा फोटो काढला. गालाशी पांढरा कागद धरला होता. कागद पिवळट दिसला असता तर फोटोतला कुठलाच रंग खरा धरता आला नसता. मग केसांवर मोरपंखी लेयर टाकून त्याचा मोड ‘मल्टिप्लाय’ केला. हा मोड खालचं चित्र फक्त गडद करतो, उजळ कधीच करत नाही, म्हणून केसांच्या रंगाच्या सगळ्यांत जवळचा. तिने स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाली, ‘काहीच झालं नाही की!’ बरोबर. काळ्यावर हेच होणार होतं.

म्हणजे ब्लीच आलं. काळा केस ब्लीचने एकदम पांढरा होत नाही. आधी तांबूस, मग नारिंगी, मग पिवळा, मग फिका पिवळा. कुठे थांबतो त्यावर वरचा रंग ठरतो. नारिंगीवर निळा चढवला की दोघे एकमेकांना मारतात आणि मळकट रंग येतो. पिवळ्यावर निळा हिरव्याकडे झुकतो. शुद्ध निळा हवा असेल तर केस जवळजवळ पांढरे करावे लागतात. मोरपंखीत मुळातच हिरवा असतो, त्यामुळे फिकी पिवळी झाक तो सांभाळून घेतो. तिची निवड त्या दृष्टीने शहाणपणाची होती.

तिचे केस कुठे थांबतील हे अंदाजाने सांगण्यात अर्थ नव्हता. मानेजवळची एक बारीक बट घेतली आणि तेवढीच ब्लीच केली. मेंदी लावायचीस का, हे मी आधीच विचारलं होतं. काही तयार मेंदीत धातूचे क्षार असतात, ते ब्लीचला भेटले की केस तापतात आणि तुटतात. अशा वेळी बटेवरची चाचणी टाळता येत नाही. तिची मेंदी आईने घरी पानं वाटून केलेली होती, बट तापली नाही. पण मेंदीचा रंग हट्टी. बट मुळाकडे फिकी पिवळी झाली आणि खालची चार बोटं नारिंगीच राहिली.

आता त्या बटेचा फोटो, त्याच खिडकीशी. त्यावर तोच लेयर, तोच मोड. वरच्या भागात अगदी हवा तसा मोरपंखी उमटला आणि टोकांना शेवाळलेल्या भिंतीसारखा काळपट हिरवा. फिल्टरने हे कधीच दाखवलं नसतं.

मग लेयर निम्म्याने पुसट केला. धुऊन धुऊन रंग उतरला की असं दिसतं, आणि ती मिरामारला पोहायला जाते, म्हणजे ऊन आणि खारं पाणी त्याची घाई करणारच. पुसट फोटोत फिका पोपटी आला. तो तिला आवडला, आईला नाही. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, म्हणून मुळाशी तेवढी काळी पट्टीही ठेवून बघितली. भांगाशी ती उठून दिसली, मानेजवळ वरच्या केसांखाली झाकली गेली.

त्यावर मायलेकींचं ठरलं: मेंदीची चार बोटं कापायची, आणि रंग फक्त मानेजवळच्या आतल्या थरात. केस मोकळे सोडले की दिसणार नाही, वर बांधले की दिसेल. कानामागे रंगाचा ठिपका लावून ४८ तास वाट बघितली, खाज-पुरळ काही आलं नाही.

चवथीला आईने अबोलीचा वळेसर माळून दिला, तोही मुद्दाम केस वर बांधून. नारिंगी अबोलीखाली मोरपंखी. एरवी ते दोन रंग मी केसांत एकमेकांत मिसळू देत नाही, पण शेजारी शेजारी ठेवले की दोन्ही उजळतात. आता तिला पूर्ण डोकं रंगवायचंय. मी म्हटलंय, आधी लेयर टाकून आण.