आमची वाटचाल : पिनकोड कंपनीचा, गावं आमची

सोलापुरात बाळीवेशीजवळ आमचं कुरिअर ऑफिस २००९ साली सुरू झालं. तेव्हाचं काम व्यापाऱ्यांचं होतं. चाटी गल्लीतून चादरी-टॉवेलचे नमुने जायचे, बँकेची पाकिटं यायची आणि डिलिव्हरी शहरातल्या शहरात संपायची. पुढं ऑनलाइन खरेदी वाढली, गावागावांतली पार्सलं यायला लागली आणि आम्ही ज्या कुरिअर कंपनीची एजन्सी चालवतो तिनं दक्षिण सोलापूरचे पिनकोड आमच्याकडे दिले. ती वर्षं चांगली गेली. मला लिहायचंय ते त्यानंतरचं.

आमच्या धंद्यातल्या माणसाला पिनकोड नवा नाही, पण त्याची मेख फार थोड्यांनी ओळखली आहे. ही पद्धत टपाल खात्यानं १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू केली. ती ज्यांनी आखली ते श्रीराम भिकाजी वेलणकर आपल्या कोकणातले. पहिले तीन आकडे टपालाची छाननी कुठं व्हायची ते सांगतात, शेवटचे तीन डिलिव्हरी करणारं पोस्ट ऑफिस सांगतात. म्हणजे हा नंबर पोस्ट ऑफिसचा आहे, गावाचा नाही. एका पिनकोडाखाली अनेक गावं येतात आणि त्यातल्या बऱ्याच गावांत टपाल खात्याचं शाखा डाकघर असतं, तिथला ग्रामीण डाक सेवक घर न् घर ओळखतो. कुरिअर कंपन्यांनी तो नंबर उचलला, ती माणसं मात्र त्यांच्याकडे नव्हती. पिनकोडातलं मुख्य गाव रस्त्यावर असलं की यादीत त्या पिनकोडासमोर ‘सेवा उपलब्ध’ असं लागतं आणि आतल्या शेवटच्या वस्तीवरच्या माणसालाही वेबसाइट ऑर्डर देऊ देते. तिथपर्यंत जायचं कसं, हे कोणी विचारत नाही.

सुरुवातीच्या काळात तर ४१३ दिसलं की पुण्याच्या हबमधली नवी पोरं पार्सल सरळ सोलापूरच्या बॅगेत टाकायची. बारामतीचा पिनकोड ४१३१०२, लातूरचा ४१३५१२, तुळजापूरचा ४१३६०१. चार जिल्ह्यांचा माल आमच्या फरशीवर उतरायचा आणि परत पाठवण्यात दिवस जायचे.

म्हणून मी रॅक करून घेतला. अशोक चौकातल्या सुतारानं साध्या प्लायमध्ये केलेला आहे, पण त्याची आखणी माझी. कप्पे पिनकोडाचे नाहीत, रस्त्याचे आहेत. एक विजापूर रोडचा, एक होटगीचा, एक वळसंगकडचा, एक बोरामणीकडचा. प्रत्येक रस्त्यात पुन्हा गावाचे कप्पे, ज्या क्रमानं गाडी जाणार त्याच क्रमानं. पार्सल स्कॅन झालं की आमचा पोरगा पिनकोड बघत नाही, पत्त्यातलं ‘मु.’ बघतो. मु. आणि पो. हे दोन वेगळे असतात, हे आपल्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. पण वेबसाइटच्या फॉर्ममध्ये मुक्कामाला रकानाच नसतो, त्यामुळं लोक पोस्टाचं गाव लिहून मोकळे होतात. रॅकशेजारी एक लांबट रजिस्टर आहे. त्यात गाववार वस्त्यांची नावं, खुणा आणि फोनला रेंज कुठं मिळते ते लिहिलेलं आहे. मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी लावायच्या कॅनव्हासच्या पिशव्या मी तळाला दुहेरी कापड लावून शिवून घेतल्या, कारण खडीच्या रस्त्यावर शिवण पहिल्यांदा तळाशीच उसवते.

मंद्रूपचे अण्णा आमचे पहिले गिऱ्हाईक, पुढं भागीदारासारखे झाले. त्यांचं शेतीच्या औषधांचं आणि पंपाच्या सुट्या भागांचं दुकान. त्यांचा माल द्यायला गेलो की ते बाकीच्या पार्सलांवरची नावं वाचायचे आणि सांगायचे, “हा नळीवर राहतो, तिकडं जाऊ नका, तो बाजाराला येणारच आहे. ठेवा इथं.” मराठीत एक वाक्य, कानडीत एक, आणि समोरच्याला फोन लावलेला. घरी डिलिव्हरी जमली नाही की पार्सल अण्णांच्या कपाटात, ही आमची रीत तिथून पडली. पैसे त्यांनी कितीतरी वर्षं घेतले नाहीत.

मग शहरातल्या दुसऱ्या एका एजन्सीनं आमच्यापेक्षा कमी दरानं तेच पिनकोड मागितले आणि कंपनीनं देऊन टाकले. मला आधी विचारलंही नाही. एका सकाळी बॅग आली ती अर्धी रिकामी, तेव्हा कळलं.

त्या दराचं गणित मांडतो. समजा पार्सलमागं १४ रुपये मिळतात. आतल्या गावाची जाऊन-येऊन फेरी ६० किलोमीटरची आणि गाडी लिटरला ५० देते, तर पेट्रोलच सव्वाशे रुपयांच्या घरात जातं. हातात चार पार्सलं असतील तर मिळकत ५६ रुपये. पोराचा पगार अजून धरलेलाच नाही. फेरी परवडायची तर पंधराएक पार्सलं साठू द्यावी लागतात, म्हणजे आठवड्यातून एक-दोनदाच जाता येतं. पण कंपनीचं घड्याळ म्हणतं की माल शाखेत आल्यावर दुसऱ्या दिवसापर्यंत प्रयत्न झालाच पाहिजे, नाहीतर दंड. आम्ही दर जरा जास्त घेत होतो तो या कारणासाठी, आणि मंद्रूपला कपाट होतं म्हणून घड्याळही सांभाळत होतो. त्याहून कमी दरात हे काम करायचा एकच मार्ग उरतो, गावाला न जाता शेरा मारायचा.

त्यांनी तेच केलं. संध्याकाळ झाली की ऑफिसात बसून सगळ्या गावांच्या पार्सलांवर एकच शेरा, Consignee Not Available, म्हणजे घेणारा जागेवर नाही. तीन दिवस तीन शेरे आणि मग RTO Initiated, म्हणजे माल परत. तुमच्या पार्सलाचं असं झालंय का ते ओळखणं अवघड नाही. शेऱ्याची वेळ बघा. दिवसभर Out for Delivery असून शेरा तिन्हीसांजेनंतर पडलेला असेल, तुम्ही घरी असाल आणि फोनवर त्या दिवशीचा एकही मिस्ड कॉल नसेल, तर माणूस गावाकडं आलेलाच नाही.

आमचं त्या काळात पार हाल झालं. दोन पोरं सोडावी लागली, गाडीचे हप्ते थकले, कंपनीकडची अनामत रक्कम हिशेब बाकी आहे म्हणून अडकून राहिली. लोक मात्र आमच्याच दारात यायचे, कारण त्यांना वाटायचं पार्सल आमच्याकडंच आहे. दुसऱ्याच्या नावानं शिव्या खाव्या लागल्या, हे मी विसरलेलो नाही.

त्यातली एक गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं तिथून फिरलं. भंडारकवठ्याकडच्या एका द्राक्ष बागायतदारानं फवारणीच्या ब्लोअरसाठी नोझल आणि पंपाच्या पडद्यांचा संच नाशिकहून मागवला होता, कॅश ऑन डिलिव्हरी. पाऊस उघडलेला, बागेत डाउनी रोग दिसायला लागलेला, औषध आणून ठेवलेलं आणि ब्लोअर बंद. सोलापुरात पार्सल येऊन पडलं आणि लागोपाठ तीन शेरे बसले. तिसऱ्या शेऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी मला फोन केला. मी म्हटलं, आता एक मिनिट घालवू नका. रिटर्नचा शेरा पडला तरी माल लगेच हलत नाही. संध्याकाळी रिटर्नची बॅग भरते, सील लागतं आणि रात्री गाडी जाते. सील लागायच्या आत पार्सल रॅकवरच असतं. पण शेरा पडल्यावर शाखेला ते स्वतःच्या अधिकारात देता येत नाही, कारण सिस्टीम तसं स्कॅन घेत नाही. रिटर्न थांबवू शकतो तो पाठवणारा. म्हणून अण्णांनी नाशिकच्या दुकानदाराला पकडलं, त्यानं कंपनीला मेल करून रिटर्न रद्द करायला लावलं आणि शाखेतून उचलण्यासाठी पार्सल रोखून ठेवायला सांगितलं. तोवर बागायतदार एसटीनं सोलापूरला निघालेला होता.

शाखेत पोचल्यावर पुन्हा अडलं. आधार कार्ड होतं, पैसे होते, पण ओटीपी गेला मुलाच्या फोनवर, कारण ऑर्डर त्यानं टाकली होती, आणि मुलगा बागेत, रेंजच्या बाहेर. त्याला बांधावर आणून ओटीपी वाचून घेईपर्यंत तिथला माणूस शटर ओढायला निघाला होता. शेवटी संच मिळाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे फवारणी झाली.

नाशिकचा दुकानदार मात्र गप्प बसला नाही. त्यानं आपल्या परत आलेल्या सगळ्या पार्सलांची यादी काढली, त्यात आमच्या भागातली गावंच गावं. कंपनीनं त्या एजन्सीच्या पोरांचे कॉल तपासले, तर शेरे होते आणि फोन नव्हते. सहा महिन्यांच्या आत पिनकोड परत आमच्याकडे आले. दिलगिरीचा एक शब्द आला नाही, आणि अनामतीतून कापलेली रक्कम आजपर्यंत मिळालेली नाही.

गावाकडच्या गिऱ्हाइकांना माझं सांगणं आहे. पत्त्यात मुक्काम आधी लिहा, पोस्ट नंतर, आणि वस्तीवर राहत असाल तर रस्त्यावरची खूण द्या. नंबर असा द्या जो दिवसा रेंजमध्ये असतो, कारण ओटीपी त्यावरच येणार. पहिला शेरा पडला की त्याच दिवशी वेबिल नंबर घेऊन शाखेला फोन करा आणि ‘शाखेतून घेऊन जातो, पुढचा प्रयत्न करू नका, होल्डला टाका’ असं सांगा. आमच्याकडे होल्डचं पार्सल सात दिवस थांबतं, दुसरीकडं किती ते फोनवरच विचारा. येताना मूळ ओळखपत्र आणा. दुसऱ्याला पाठवत असाल तर त्याचं ओळखपत्र त्याच्याजवळ हवं आणि ओटीपी तो काउंटरवर उभा राहिल्यावरच द्या. त्याआधी कोणी फोनवर मागितला तर देऊ नका, कारण ओटीपी टाकला की कागदावर माल पोचला, मग तो तुमच्या हातात असो नसो. खोक्याची टेप फाटलेली किंवा दुसऱ्यांदा चिकटवलेली दिसली तर आधी फोटो काढा, मग पैसे आणि सही. आणि ज्याला खरंच कुरिअर पोचत नाही अशा वस्तीवर असाल, तर दुकानदाराला स्पीड पोस्टनं पाठवायला सांगा. मी कुरिअरवाला असून हे सांगतो, कारण तिथं पोस्टाची बरोबरी आम्हाला अजून जमलेली नाही.

अण्णांच्या दुकानात आता आमचं स्वतःचं लोखंडी कपाट आहे, कुलूप दोन किल्ल्यांचं, आणि पार्सलमागं त्यांना ठरलेली रक्कम जाते. ती घ्यायला त्यांना तयार करण्यातच माझं एक वर्ष गेलं. वळसंगला असंच कपाट ठेवायची बोलणी चालू आहेत. कंपनीला मी लेखी मागणी दिली आहे की आमच्या भागाचा दर पिनकोडावर न ठरवता गावाच्या अंतरावर ठरवा, आणि त्यासोबत रजिस्टरमधली सगळी गावं किलोमीटरसह लिहून दिली आहेत. पोच मिळाली आहे, उत्तर आलेलं नाही.