लेकीले सांगतलं का?

आमच्या गल्लीतले आबाजी गेले तेव्हा पहाटेचे साडेचार वाजले होते. कार्तिक महिना, थंडी पडू लागलेली. त्यांच्या दारात चार माणसं जमली, आणि मी खिशातून फोन काढला. पाच वाजून दहा मिनिटांनी गावच्या ग्रुपवर टाकून मोकळा: ‘आबाजी आपल्यात राहिले नाहीत. भावपूर्ण श्रद्धांजली.’ आपण पहिले, असं काहीतरी मनात होतं. आता कबूल करायला काय हरकत!

आबाजींची लेक पुण्याला. रात्रीच तिला ‘बाबाची तब्येत जास्त आहे, निघ’ म्हणून फोन गेला होता आणि ती ट्रॅव्हल्समध्ये बसली होती. भावानं ठरवलं होतं की आता काही कळवायचं नाही. अकोल्याला मामाजी उतरून घेतील, गाडीत बसवतील आणि मग दर्यापूरच्या रस्त्याला लागल्यावर सांगतील. पण ग्रुपमध्ये तीही होती. खामगावच्या अलीकडे गाडी चहाला थांबली तेव्हा तिनं फोन उघडला. तिथून अकोल्यापर्यंत ती अनोळखी माणसांच्या मधात एकटी रडत आली.

भाऊ मला त्या दिवशी काही बोलला नाही. मायच बोलली. “तुले कोनं सांगतलं होतं बे टाकायले? लेकीच्या आंधी गावाले सांगतात का?”

माय म्हणते तो क्रम जुनाच आहे. पूर्वी सांगावा घेऊन पोरं सायकलवर निघायची, तीही आधी लेकीकडे, मग बाईच्या माहेरी, मग बाकीच्या सोयऱ्यांकडे. लेकीच्या दारात ‘गेले’ असं म्हणत नसत. ‘लय बिमार आहेत, चाला लवकर’ एवढंच म्हणत, आणि ती समजून जायची. लांबच्यांना कोपरा फाडलेलं कार्ड जायचं. ते वाचून फाडून टाकायचं, घरात ठेवायचं नाही. तारेची सेवा 2013च्या जुलैत बंद झाली, पण तार आली म्हटल्यावर न उघडताच छातीत धस्स व्हायचं हे अजून लोक विसरले नाहीत. त्या सगळ्या उशिरात घरच्यांना दम घ्यायला वेळ मिळायचा. आता तो वेळ आपणच ठेवावा लागतो. म्हणून मयताच्या घरून स्वतःहून निरोप येईपर्यंत मी ग्रुपवर काही टाकत नाही, स्टेटस तर मुळीच नाही.

पण गप्प राहणं वेगळं आणि न कळवणं वेगळं. पहिल्या दिवशी एक मेसेज तातडीनं जावा लागतो, आणि त्यात श्रद्धांजली नसते. माती किती वाजता करायची हे घरचे कोण कुठून येतंय त्यावर ठरवतात. आबाजींच्या वेळी यवतमाळचे जावईबापू येतो म्हणाले आणि मग फोनच उचलेनात. अंगणात तिरडी बांधून तयार, माणसं ताटकळलेली, आणि भाऊ दर दहा मिनिटांनी रस्त्यावर जाऊन पाहत होता. ‘दोनपर्यंत पोचतो’ किंवा ‘होत नाही, थांबू नका’ एवढी एक ओळ त्याला पुरली असती. अशी ओळ सुद्धा भावाला पाठवायची नाही. फोन सांभाळणारा चुलतभाऊ नाहीतर भाचा असतो, त्याला पाठवायची.

‘कसं काय झालं?’ हे तर लिहूच नये. मातीहून येईपर्यंत भावानं ते किती जणांना सांगितलं, देव जाणे. शेवटी शेवटी तर शाळेतल्या पाठासारखं सांगत होता: रात्री जेवले, छातीत दुखलं म्हणाले, आणि पहाटे... एकानं तर आबाजींच्याच नंबरवर श्रद्धांजली पाठवली. देवघराच्या फळीवरचा तो फोन टुंग वाजला आणि काकू दचकून उठल्या.

दुसऱ्या दिवशी मेसेजपेक्षा डबा बरा. मयताच्या घरची चूल पेटत नाही. मायनं भाकरी आणि पिठलं पाठवलं, मी ते पडवीत ठेवलं, थोडा वेळ भिंतीला टेकून बसलो आणि उठून आलो. कोणी काही विचारलं नाही, मीही नाही.

ताईला मी तिसऱ्या दिवशी, राख सावडून झाल्यावर लिहिलं. दोनदा खोडलं. शेवटी एवढंच राहिलं: ‘ताई, मी आधी टाकायला नको होतं. चुकलो. आबाजी तूर मापताना शेवटची मूठ नेहमी वरून टाकायचे, ते आठवतं. उत्तर देऊ नको.’

तिनं दिलं नाही. तेरवी झाली, ती पुण्याला परत गेली. दीड महिन्यानं एका रात्री फोन वाजला.

‘तूर निघाली का रे?’