बाबांची हेल्थ पॉलिसी पोर्ट केली, माझा अनुभव

बाबांची ५ लाखांची पॉलिसी मार्च २०२३ पासून चालू होती, बीपी तेव्हाच डिक्लेअर केलेला आणि त्यासाठी वेटिंग होता ४ वर्षं, म्हणजे तोवर बीपीशी संबंधित क्लेम मिळणार नाही. प्रीमियम दरवर्षी वाढतच चाललेला म्हणून यंदा पॉलिसी पोर्ट करायची, म्हणजे कव्हर सलग ठेवून कंपनी बदलायची ठरवलं. रिन्यूअल २० मार्चला, आणि पोर्टिंगचा अर्ज रिन्यूअलच्या ६० ते ४५ दिवस आधी टाकायचा असतो, म्हणजे आमच्यासाठी १९ जानेवारी ते ३ फेब्रुवारी. मी जानेवारीतच टाकला, कारण नवी कंपनी मेडिकल करायला लावते, जास्तीचा प्रीमियम मागू शकते आणि सरळ नाहीपण म्हणू शकते, पोर्टिंग हा आपला हक्क असला तरी घेणं त्यांच्यावर बंधनकारक नाही. नाही म्हणालेच तर जुनी रिन्यू करायला वेळ हवा ना, मध्ये खंड पडला तर आधी भरलेल्या वेटिंगचं सगळं क्रेडिट गेलं.

एजंट म्हणत होता, "कशाला पोर्ट करताय, नवीनच काढू, लवकर होईल." त्याचं लवकर होईल पण बाबांचा वेटिंग पीरियड पहिल्या दिवसापासून सुरू होईल! त्याला स्पष्ट सांगितलं की प्रपोजल फॉर्मसोबत पोर्टेबिलिटी फॉर्म पण हवाच.

शिवाय एक साधं पत्र जोडलं. त्यात जुना पॉलिसी नंबर, पहिल्या पॉलिसीची तारीख, दर वर्षीचं सम इन्शुअर्ड आणि बोनस, क्लेम नाही, बीपी कधीपासून आणि गोळी कोणती, आणि शेवटी हे वाक्य: "२० मार्च २०२३ पासून सलग कव्हर असल्याने पूर्ण झालेल्या वेटिंग पीरियडचे क्रेडिट द्यावे व पॉलिसी शेड्यूलवर तशी नोंद करावी." सोबत तिन्ही वर्षांच्या शेड्यूलच्या कॉप्या. जुन्या कंपनीकडून माहिती नवी कंपनी ऑनलाइन स्वतःच मागवते, पण कागद आपल्याकडचे असले की वाद राहत नाही.

आता क्रेडिटचं गणित. २०२४ च्या नियमांनी आधीच्या आजारांचा वेटिंग जास्तीत जास्त ३ वर्षं केलाय, नव्या पॉलिसीत तेवढाच आहे, आणि बाबांची ३ वर्षं मार्चमध्ये भरत होती, म्हणजे बीपी लगेच कव्हर. पण फक्त जुन्या रकमेपुरता हां. आम्ही कव्हर १० लाख घेतलं, तर जुने ५ लाख (आणि जमलेला बोनस) एवढ्यालाच क्रेडिट, वरच्या रकमेला ३ वर्षं नव्याने मोजायची. हे एजंट सांगत नाहीत, १० लाख म्हणून विकतात.

पॉलिसी हातात आली तेव्हा आधी शेड्यूल उघडलं, तर पहिल्या पॉलिसीची तारीख चक्क २० मार्च २०२६! म्हणजे कागदावर बाबा एकदम नवीन गिऱ्हाईक. पत्राची पोच लावून लगेच मेल टाकला. दुरुस्तीचं एंडॉर्समेंट आलं, त्यात २०२३ ची तारीख आणि ५ लाखांचं क्रेडिट दोन्ही लिहिलेलं आहे.