स्वल्पविराम गाळणारा फोन

बाबांना अजून ताप आहे का, असे मामांनी आज कुटुंबाच्या ग्रुपवर विचारले आणि वहिनींचे उत्तर आले, ‘नाही बरं वाटतंय आता’. मामा घाबरले, एकाने तर रुग्णालयाचे नाव सुचवले. वहिनींनी मात्र ‘नाही’ म्हणून क्षणभर थांबून ‘बरं वाटतंय आता’ असे सांगितले होते. बोलून टाइप करताना फोनने शब्द अचूक पकडले, पण ते थांबणे दाखवणारा स्वल्पविराम उमटवलाच नाही.

असा मजकूर आधी ज्या प्रश्नाचे उत्तर म्हणून आला त्याच्याशी जोडून, निरनिराळ्या ठिकाणी थांबत मोठ्याने वाचावा. येथे प्रश्न तापाचा होता, शिवाय पुढच्याच ओळीत ‘दोन पोळ्या खाल्ल्या’ असे होते, आणि ती ओळ बहुधा कोणी वाचलीच नव्हती.

रोमन अक्षरांत टाइप करून देवनागरी उमटवताना होणारी चूक वेगळी असते. तेथे उच्चार नव्हे, अक्षरे पाहावी लागतात: vel मधून ‘वेळ’ हवा असताना ‘वेल’ येतो, आणि तो खरा शब्द असल्यामुळे शुद्धलेखन तपासणीही त्याला अडवत नाही. म्हणून खटकणारा शब्द मनात पुन्हा रोमनमध्ये लिहून पाहावा.

औषधाचे प्रमाण किंवा गाडीची वेळ असेल, तर मात्र संदर्भावरून अर्थ लावत न बसता मी सरळ फोन करतो.