घरून काम करणारा माणूस मस्टरवर कुठे दाखवायचा? माझा अनुभव

आमचं ऑफिस सीबीडी बेलापूरला आहे. काम फ्रेट फॉरवर्डिंगचं, म्हणजे न्हावाशेव्याहून जाणाऱ्या मालाचं बुकिंग, कागदपत्रं आणि शिपिंग लाइनच्या मागे लागणं. माणसं 38. मी एचआर आणि पगाराचं बघते.

मागच्या जुलैत आमच्या डॉक्युमेंटेशनमधल्या एका मुलीने राजीनामा दिला. बदलापूरहून यायची. ठाण्याला उतरून पूल चढायचा, ट्रान्स हार्बरची पनवेल गाडी धरायची, संध्याकाळी तेच उलट. म्हणाली, "मॅडम, काम सोडायचं नाहीये हो, प्रवास सोडायचाय." तिला कामाला तयार करण्यात आमचं एक वर्ष गेलं होतं. मी त्याच आठवड्यात हायब्रिडचा प्रस्ताव लिहायला घेतला.

पहिला प्रस्ताव मोठ्या साहेबांनी दोन मिनिटांत परत दिला. मी लिहिलं होतं, आठवड्यातले कुठलेही दोन दिवस घरून. त्यांनी विचारलं, "शुक्रवारी इथे कोण असेल, सांग." त्यांचं बरोबर होतं. ज्याने त्याने आपापला दिवस निवडला की टीम कधीच एकत्र भेटत नाही.

मग मी पाच दिवस डॉक्युमेंटेशनच्या टेबलांजवळ बसले आणि कोण, कधी, कशासाठी उठून दुसऱ्याकडे जातं ते वहीत लिहीत गेले. बहुतेक फेऱ्या दोनच कारणांसाठी होत्या. एक, बिल ऑफ लेडिंग म्हणजे शिपिंग लाइन मालासाठी देते ती पावती, तिचा ड्राफ्ट बनवणारा आणि तपासणारा यांच्यात, लाइनच्या कटऑफच्या म्हणजे कागद पोचवायच्या शेवटच्या वेळेच्या आधीचे दोन तास. दुसरं, नवीन मुलं जुन्यांना एचएस कोड, म्हणजे कस्टम्ससाठी मालाच्या प्रकाराचा नंबर, विचारायला जात. आमच्या नेहमीच्या जहाजांचे कटऑफ बुधवार-गुरुवारी येतात. त्यामुळे मंगळवार ते गुरुवार सगळे ऑफिसात, आणि सोमवार किंवा शुक्रवार यांतला एक दिवस घरून, असं ठरवलं. निम्मी टीम सोमवारी घरी, निम्मी शुक्रवारी, पण बनवणारा आणि तपासणारा यांची जोडी फोडायची नाही. पहिले सहा महिने नवीन माणसाला घरून काम नाही. टीमवर्कचा मुद्दा इथेच मिटला. साहेबांनी वही मागून घेतली आणि स्वतः वाचली.

अडलं ते हजेरीवर. आणि तिथे जवळजवळ दोन महिने गेले.

आमच्याकडे बोटाचं मशीन आहे. त्यातले पंच रात्री हजेरीच्या सॉफ्टवेअरमध्ये जातात. पंच नसेल तर त्या दिवशी `A` लागतो. रजेचा अर्ज नसेल तर `A` म्हणजे बिनपगारी. म्हणजे पॉलिसीवर सही झाली तरी घरून काम करणाऱ्याचा पगार आपोआप कापला जाणार. मी सुचवलं, बाहेरच्या कामासाठी `OD` आहे, तोच लावू. अकाउंट्सने नाही म्हटलं, कारण आमच्याकडे `OD` लागला की प्रवासखर्चाचं व्हाउचर उघडतं. कस्टम्सला आणि गोदीत जाणाऱ्या मुलांच्या हिशेबात घरी बसलेली माणसं मिसळली असती.

ॲडमिनचे साहेब म्हणाले, मोबाइलवरून पंच घ्या, दर दोन तासांनी, लोकेशन आणि फोटोसकट. यावर आमच्या चार मीटिंगा झाल्या. मला अजून त्याचा राग येतो. फोटोवरून माणूस घरी आहे एवढंच कळतं, ड्राफ्ट तपासला की नाही ते कळत नाही. आमच्या प्रत्येक शिपमेंटला जॉब नंबर असतो. कोणी ड्राफ्ट केला, कोणी तपासला, किती वाजता लाइनला गेला, हे जॉब शीटमध्ये आधीपासूनच भरलं जातं. हजेरीचा पुरावा तोच धरा, एवढंच मी म्हणत होते.

शेवटी साहेबांना पटलं ते वेगळ्याच कागदाने. बिल ऑफ लेडिंग निघाल्यावर चूक सापडली तर लाइन दुरुस्तीचे पैसे घेते. ती बिलं अकाउंट्सकडे वेगळ्या फाइलला असतात. मी म्हटलं, तीन महिने करून बघू. दुरुस्तीची बिलं मागच्या तीन महिन्यांपेक्षा वाढली तर मी स्वतः पॉलिसी बंद करायचं पत्र काढीन. नफ्यातोट्याला थेट लागणारं माप मिळाल्यावर साहेबांनी लोकेशनचा विषय सोडून दिला.

मग `WFH` असा नवा कोड घ्यायचं ठरलं. नियम असा की आदल्या दिवशी संध्याकाळी 6 पर्यंत टीमच्या प्रमुखाने तो सॉफ्टवेअरमध्ये मंजूर करायचा. राहिला तर 24 तारखेपर्यंत दुरुस्ती, कारण 25 ला आम्ही पगारासाठी हजेरी बंद करतो. सॉफ्टवेअरवाल्याने कोड टाकून दिला. हजेरीच्या पत्रकात सुंदर निळा `WFH` दिसायला लागला आणि मी निश्चिंत झाले.

पहिल्याच पगाराच्या दिवशी सकाळी एक मुलगा स्लिप घेऊन उभा राहिला. महिना 30 दिवसांचा, `Paid Days` समोर 26. घरून काम केलेले चारही शुक्रवार गेले होते. मी सगळ्यांच्या स्लिपा काढल्या. 14 जणांचं तेच झालं होतं. कोड हजेरीत आला होता, पण पगाराच्या भागात हा दिवस पगारी धरायचा की नाही, ते कोणी भरलंच नव्हतं. रिकामं असलं की सॉफ्टवेअर बिनपगारी धरतं. फरक पुढच्या पगारात देऊ असं अकाउंट्सचं म्हणणं होतं. मी अडून बसले. त्यांचा हप्ता 5 तारखेला जातो, पुढच्या महिन्यात नाही. संध्याकाळपर्यंत 14 जणांच्या खात्यात फरक जमा झाला, तेव्हाच मी बेलापूरहून गाडी पकडली.

म्हणून सांगते, नवा कोड आला की दोन माणसांचा खोटा पगार काढून बघा आणि `Paid Days` महिन्याच्या दिवसांशी जुळतात का ते तपासा. हजेरीचं पत्रक बरोबर दिसतंय यावर थांबू नका.

आणखी एक, हे मी आधीच लिहायला हवं होतं. आयसगेट या कस्टम्सच्या पोर्टलवर निर्यातीचं शिपिंग बिल भरायला लागणारी डिजिटल सहीची टोकन ऑफिसातच ठेवायची आणि सही करणारं कोणीतरी रोज ऑफिसात हवं, असं पॉलिसीत लिहून घ्या. सही करणारा घरी आणि टोकन ड्रॉवरमध्ये, असं आमच्याकडे एका सोमवारी झालं. आता सही करणाऱ्या दोघांपैकी एकजण रोज ऑफिसात असतो.

वेळही लिहा. आमची 10 ते 6:30 आहे. दुकाने व आस्थापनांचा राज्याचा 2017 चा कायदा आठवड्याला 48 तास सांगतो, त्यावरच्या कामाला दुप्पट दर. घरून आहे म्हणून रात्री नऊला फोन केला तर तेही कामच. हे कलम ॲडमिनला नको होतं, मी काढू दिलं नाही. वीज किंवा नेट गेलं तर अर्ध्या तासात प्रमुखाला कळवायचं, दोन तासांत आलं नाही तर अर्धी रजा, हेही आधीच लिहिलेलं बरं.

तीन महिन्यांनी दुरुस्तीच्या बिलांची फाइल मी साहेबांच्या टेबलावर ठेवली. आधीपेक्षा दोन बिलं कमीच होती. त्यांनी मोजली, परत मोजली आणि विचारलं, "ती बदलापूरची मुलगी परत येईल का?" मी त्यांच्यासमोरच फोन लावला. एक तारखेपासून ती रुजू झाली. तिचा घरचा दिवस सोमवार आहे.